कंपनीचं नाव बदललं, कंपनी विकली गेली, विलीन झाली: रेझ्युमेत अनुभव कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं काम करते. उमेदवाराने लिहिलेल्या जुन्या कंपनीला मेल टाकायचा, फोन करायचा आणि विचारायचं की हा माणूस तुमच्याकडे होता का, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर. यात खोटं बोलणारे लोक फार कमी सापडतात. जास्त केसेस अडकतात त्या एकदम खऱ्या अनुभवाच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा फक्त एवढ्यासाठी की कंपनीचं नाव मधे बदललं आणि रेझ्युमेत ते कुठे दिसत नाही. तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

कंपनीचं नाव बदललंय. रेझ्युमेत जुनं लिहू की नवीन?

दोन्ही लिहा. पण कुठलं कुठे, हे महत्त्वाचं आहे.

प्रत्येक जुन्या नोकरीला खरं तर तीन नावं असू शकतात. पहिलं, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरवर आणि पगारपत्रकावर छापलेलं नाव, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तुम्हाला नोकरीवर ठेवणारी कंपनी. दुसरं, लोकांच्या तोंडी असलेलं नाव, ब्रँड. आणि तिसरं, आज तुमचं रेकॉर्ड ज्यांच्या हातात आहे त्यांचं नाव, म्हणजे मी फोन केला तर जे उचलतील ते. नशिबाने तिन्ही एकच असतील तर प्रश्नच मिटला. वेगळी असतील तर व्हेरिफाय करणाऱ्याला पहिलं आणि तिसरं लागतंच लागतं, दुसरं फक्त वाचणाऱ्याच्या ओळखीसाठी.

माझा नियम साधा आहे: ठळक अक्षरात ते नाव जे तुमच्या शेवटच्या दिवशी होतं, कारण तेच तुमच्या रिलीव्हिंग लेटरवर असतं. त्याच्या खाली किंवा शेजारी कंसात बाकीचं, "पूर्वी अमुक" किंवा "आता तमुक". इंग्रजी रेझ्युमेत फॉर्मर्ली आणि नाऊ हे दोन शब्द पुरतात.

नुसतं नाव बदललं की कंपनीच बदलली, हे मला कसं कळणार? आम्हाला तर फक्त एक मेल आला आणि आयकार्ड बदललं.

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर ठरतं.

नुसतं नाव बदलणं म्हणजे कंपनी तीच, नोंदणी तीच, पाटी नवीन. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक इन्कॉर्पोरेटेडचं मेटा प्लॅटफॉर्म्स झालं, ते असं. तिथल्या माणसाच्या नोकरीला काहीच झालं नाही, तारीख तीच, करार तोच.

कंपनी विकत घेतली जाते तेव्हा बऱ्याचदा फक्त मालक बदलतो. शेअर्स दुसऱ्याकडे गेले, पण तुम्हाला पगार देणारी कंपनी जिवंत आहे आणि तिचं नावही तेच आहे. मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन डिसेंबर २०१६ मध्ये घेतलं, पण लिंक्डइन लिंक्डइनच राहिलं.

विलीनीकरणात मात्र एक कंपनी दुसरीत मिसळते आणि कागदोपत्री संपते. ट्विटर इन्कॉर्पोरेटेड २०२३ मध्ये एक्स कॉर्पमध्ये विलीन झाली. लोकांना वाटतं फक्त पक्षी जाऊन एक्स आला, पण ती जुनी कंपनी आता अस्तित्वातच नाही, तिची जबाबदारी एक्स कॉर्पकडे आहे.

आणि चौथा प्रकार, जो सगळ्यात जास्त त्रास देतो: कंपनीचा फक्त एक विभाग विकला जातो किंवा वेगळा काढला जातो. आयबीएमने नोव्हेंबर २०२१ मध्ये किंड्रिल वेगळी केली ते असं. यात जुनी कंपनी जोरात चालू असते, फक्त तुम्ही तिच्यात नसता. म्हणून व्हेरिफाय करणारा जुन्या कंपनीला विचारायला जातो, आणि तिकडून उत्तर येऊ शकतं की हे रेकॉर्ड आता आमच्याकडे नाही.

ओळखायचं कसं, तर बातम्या बघत बसू नका, स्वतःचे कागद काढा. बदलाच्या आधीच्या महिन्याचं पगारपत्रक आणि नंतरच्या महिन्याचं पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवा. कंपनीचा नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर तो आणि तुमचा एम्प्लॉयी आयडी जुळवून बघा. दोन्ही तेच असतील आणि फक्त नाव वेगळं असेल तर बहुतेक नुसता नामबदल. बदलले असतील तर तुम्हाला ट्रान्सफर लेटर किंवा नवीन करार मिळाला असणार, तो शोधा. त्या एका कागदात सगळं असतं.

माझी नोकरी एकच, खुर्ची एकच, पण कंपनीची चार नावं झाली. असं कसं लिहायचं?

याला एक खरं उदाहरण घेऊ, कारण या साखळीतले लोक जगभर आहेत. कंपन्या आणि तारखा खऱ्या, माणूस मात्र उदाहरणापुरता.

समजा एक जण जून २००६ ला ईडीएस या आयटी सर्व्हिसेस देणाऱ्या कंपनीत लागला. ऑगस्ट २००८ मध्ये ह्युलेट पॅकार्डने ईडीएस विकत घेतली. सप्टेंबर २००९ मध्ये तिचं नाव एचपी एंटरप्राइज सर्व्हिसेस झालं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ह्युलेट पॅकार्डच दोन कंपन्यांत फुटली आणि हा सर्व्हिसेसचा धंदा ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइजकडे गेला. मग एप्रिल २०१७ मध्ये तो धंदा तिथूनही बाहेर काढून सीएससी या कंपनीबरोबर जोडला आणि डीएक्ससी टेक्नॉलॉजी तयार झाली. आपल्या माणसाने ऑगस्ट २०१८ ला राजीनामा दिला. बारा वर्षं, एकदाही नोकरी बदलली नाही.

आता हा माणूस जर चार एंट्री करून बसला तर वाचणाऱ्याला वाटणार की दर दोन-चार वर्षांनी उडी मारतोय. आणि फक्त "ईडीएस, २००६ ते २०१८" लिहिलं तर व्हेरिफाय करणारा म्हणणार, २०१८ ला ईडीएस कुठे होती? दोन्हीकडून नुकसान. मी असं लिहीन:

```
डीएक्ससी टेक्नॉलॉजी
(पूर्वी एचपी एंटरप्राइज सर्व्हिसेस, त्याआधी ईडीएस; सलग नोकरी)
जून २००६ ते ऑगस्ट २०१८
```

बस, दोन ओळी आणि तारीख. कंसात सगळ्या खरेदी-विक्रीचा इतिहास नको, फक्त ती नावं जी तुमच्या कागदांवर खरंच आहेत. "सलग नोकरी" हे दोन शब्द मात्र सोडू नका, कारण तेच सांगतात की मधे राजीनामा नव्हता.

आता यातली खरी ठेच कुठे लागते ते बघा. समजा याच माणसाने मार्च २०१२ मध्येच सोडलं असतं, तर बरेच जण सरळ "एचपी" लिहून मोकळे होतात. पण २०१५ ला फुटल्यावर जुन्या ह्युलेट पॅकार्ड कंपनीचंच नाव एचपी इन्कॉर्पोरेटेड झालं आणि ती कॉम्प्युटर-प्रिंटरकडे राहिली, सर्व्हिसेसचा धंदा नवीन कंपनीत गेला आणि तिथून डीएक्ससीत. म्हणजे रेझ्युमेत "एचपी" वाचून मी एचपीला विचारलं तर मी चुकीच्या दारात उभी आहे, आणि तुमच्या रिपोर्टवर "रेकॉर्ड सापडलं नाही" असा शेरा पडू शकतो. अशा वेळी "एचपी एंटरप्राइज सर्व्हिसेस (जॉइन होताना ईडीएस, हा व्यवसाय आता डीएक्ससी टेक्नॉलॉजीकडे)" एवढं लिहिलं की रस्ता सरळ.

एक सावधगिरी. मोठ्या कंपनीचं नाव ज्या दिवशी बातमीत बदलतं त्याच दिवशी प्रत्येक देशातल्या तिच्या कंपनीचं नाव बदलतंच असं नाही, स्थानिक नोंदणी कधीकधी महिनोन्महिने मागे राहते. म्हणून बातमीतली तारीख आणि तुमच्या पगारपत्रकातली तारीख यात फरक दिसला तर घाबरू नका, आणि लिहिताना स्वतःचा कागद धरा, बातमी नाही.

मग दोन एंट्री कधी करायच्या?

जेव्हा नोकरी खरंच तुटली तेव्हा. म्हणजे जुन्या कंपनीने तुमचा हिशोब पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर दिलं, आणि नव्या कंपनीने नवीन ऑफर लेटर दिलं, नवीन प्रोबेशन लावलं, सुट्ट्यांचा साठा शून्यापासून सुरू केला. छोट्या कंपनीची फक्त टीम उचलली जाते आणि कंपनी मागे राहते, तिथे हे सर्रास होतं. तुमच्या दृष्टीने सगळं तेच, सकाळी उठून त्याच टेबलावर बसलात, पण कागदावर दोन नोकऱ्या आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून व्हेरिफाय होणार आहेत. तर दोन एंट्री करा आणि दुसरीच्या खाली लिहा की आधीची टीम या कंपनीने घेतल्यामुळे इथे आले. नाहीतर ती साधी जॉब चेंज वाटते.

याउलट ट्रान्सफर लेटरमध्ये "सेवा सलग धरली जाईल" असं वाक्य असेल तर एकच एंट्री. हे वाक्य कुठे आहे ते शोधून त्या पानाचा फोटो काढून ठेवा, खरंच सांगते.

मी २०१४ ला लागलो, पण कंपनीने व्हेरिफिकेशनमध्ये २०१९ सांगितलं. माझी नवी ऑफर थांबलीय. काय करू?

हे इतकं होतं की यावर जरा सविस्तर लिहिते.

कंपनी विकली गेली की घेणारी कंपनी सगळ्या माणसांची माहिती स्वतःच्या एचआर सिस्टिममध्ये भरते. या सिस्टिममध्ये जॉइनिंगच्या एकापेक्षा जास्त तारखा असतात. उदाहरणार्थ वर्कडेमध्ये `Hire Date` वेगळी, `Original Hire Date` वेगळी आणि `Continuous Service Date` वेगळी. माहिती भरताना पहिल्या खान्यात नव्या कंपनीत आल्याची तारीख पडते, आणि खरी जुनी तारीख दुसऱ्या खान्यात जाते, किंवा कोणी घाई केली तर कुठेच जात नाही. मग मी विचारल्यावर तिकडचा माणूस स्क्रीनवर जी पहिली तारीख दिसते ती वाचून दाखवतो. तो खोटं बोलत नाही, तुम्हीही खोटं बोललेला नाहीत, पण माझ्या रिपोर्टवर पाच वर्षांचा फरक येतो.

माझ्याकडे एक केस आली होती. एका बाईंनी एकाच कंपनीत नऊ वर्षं लिहिली होती, आणि कंपनीकडून उत्तर आलं तीन वर्षं. सहा वर्षं वाढवून सांगितली असाच अर्थ निघाला. नवीन कंपनीने ऑफर थांबवली. त्यांना मी फोन केला तर त्या रडायलाच आल्या, कारण त्यांना वाटत होतं की नाव बदललंय हे सगळ्यांना माहीतच असणार. त्यांच्याकडे पहिलं अपॉइंटमेंट लेटर होतं, पण त्यावर वेगळंच नाव. दोन नावं जोडणारा कागद नव्हता. शेवटी जुन्या मेलमध्ये विलीनीकरणाच्या वेळचं ट्रान्सफर लेटर सापडलं, त्यात दोन्ही नावं आणि मूळ जॉइनिंगची तारीख एकाच परिच्छेदात होती. त्यावरून त्या कंपनीच्या एचआरला परत विचारलं, तेव्हा त्यांनी दुसरा खाना उघडून बघितला आणि लेखी दुरुस्ती दिली. या सगळ्यात अडीच आठवडे गेले.

तर तुम्ही काय करायचं: व्हेरिफाय करणाऱ्याला "ते चुकीचं सांगतायत" एवढंच लिहू नका, त्याने काही हलत नाही. तीन कागद एकत्र पाठवा: पहिल्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर, दोन्ही नावं असलेलं ट्रान्सफर लेटर किंवा नामबदलाचं पत्र, आणि शेवटचं रिलीव्हिंग लेटर. सोबत दोन ओळी, की कृपया मूळ रुजू तारीख किंवा सलग सेवेची तारीख विचारा. या नेमक्या शब्दांनी विचारलं की समोरचा माणूस बरोबर खाना बघतो.

आणि अजून सोडलं नसेल तर आजच एचआर सिस्टिममध्ये स्वतःची प्रोफाइल उघडून या तारखा तपासा. कर्मचारी असताना दुरुस्ती एका तिकिटात होते, सोडल्यावर त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात.

मी सोडल्यानंतर कंपनी विकली गेली. ज्यांनी घेतली त्यांच्यासाठी मी कधी कामच केलं नाही. त्यांचं नाव का लिहू?

तुम्ही त्यांच्याकडे काम केलं असं लिहायचं नाहीये, रेकॉर्ड कुठे मिळेल ते लिहायचंय. ठळक नाव जुनंच, तुमचं. कंसात "आता अमुक कंपनीत विलीन". नव्या कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून ते वर टाकून जुनं खाली ढकलू नका, ते चूकच आहे आणि कागदावर लगेच दिसतं.

आमची मूळ कंपनी खूप मोठी आहे. तिचंच नाव लिहिलं तर चालेल?

नाही. ज्यांच्याकडून पगार येत होता त्यांचं नाव. गूगलमध्ये काम करणारा अल्फाबेट लिहीत नाही, कारण २०१५ पासून अल्फाबेट वरची मालक कंपनी आहे आणि त्याच्या पगारपत्रकावर नाव गूगलचं असतं. "लिंक्डइन (मायक्रोसॉफ्ट समूह)" असं लिहिलं तर ठीक. नुसतं "मायक्रोसॉफ्ट" लिहिलं तर तिकडे तुमचं नाव सापडेल याची खात्री नाही.

घेणाऱ्या कंपनीनेच विकत घेतलेल्या कंपनीचं नाव लावलं. आता दोन्हीकडचे लोक एकच नाव सांगतात. मग?

हो, असंही होतं आणि यात खूप घोळ होतो. एसबीसी कम्युनिकेशन्सने २००५ मध्ये एटी अँड टी विकत घेतली आणि स्वतःचंच नाव एटी अँड टी करून टाकलं. म्हणजे २००३ ला एसबीसीत असलेला आणि २००३ ला जुन्या एटी अँड टीत असलेला, दोघांची उत्तराधिकारी कंपनी आज एकच, पण तेव्हाच्या कंपन्या दोन, आणि कागदांवरची नावंही दोन. अशा वेळी कंसातलं जुनं नाव सोडलंत तर व्हेरिफाय करणारा चुकीच्या जुन्या रेकॉर्डमध्ये शोधत बसेल. तुम्ही कुठल्या बाजूने आलात ते लिहाच.

ऑनलाइन फॉर्ममध्ये कंपनीच्या नावाला एकच रकाना आहे. तिथे कंसात सगळं कोंबू का?

शक्यतो नको. नोकरीच्या अर्जाची सॉफ्टवेअर रकान्यातलं नाव जसंच्या तसं उचलतात, तिरक्या रेघा आणि लांब कंस घातले की नाव तुटतं किंवा शोधात सापडत नाही. रकान्यात एकच नाव, शेवटच्या दिवशीचं. जुनं-नवीन नाव कामाच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत.

पण व्हेरिफिकेशनचा फॉर्म वेगळा असतो हे लक्षात घ्या. तो ऑफर लागताना येतो, आणि त्यात शेरा लिहायला जागा असते. तिथे मोकळेपणाने सगळी नावं, बदलाचा महिना-वर्ष, जुना आणि नवा एम्प्लॉयी आयडी लिहा. जुना आयडी विसरू नका, मिसळलेल्या रेकॉर्डमध्ये कधीकधी तेवढ्यानेच माणूस सापडतो. आणि रेझ्युमे आणि या फॉर्ममधल्या तारखा एकसारख्या हव्यात, एकीकडे बदलाची आणि दुसरीकडे मूळ असं नको.

विलीनीकरणात माझं पद बदललं. आधी मॅनेजर होतो, नव्या कंपनीच्या श्रेणीत सीनियर लीड झालो. काम तेच. कुठलं लिहू?

शेवटच्या पत्रावरचं पद वर, आधीचं खाली तारखेसकट. कंपनी व्हेरिफाय करताना शेवटचंच पद सांगते. "विलीनीकरणात पदांची फेररचना" एवढी एक ओळ टाका, म्हणजे पद खाली आलं असं कोणी धरणार नाही.

जुन्या नावाची बदनामी झाली होती म्हणून कंपनीने नाव बदललं. ते लिहिणं टाळू का?

भावना समजते, तुमची त्यात काही चूक नाही. पण तुमच्या कागदांवर जुनं नाव असेल तर ते व्हेरिफिकेशनमध्ये निघणारच, आणि तेव्हा लपवल्यासारखं दिसतं. तुम्ही नामबदलाच्या नंतर लागला असाल तर मात्र जुनं नाव लिहायची काहीच गरज नाही.

कंपनी विकली, मग घेणारीही बंद पडली. आता विचारायलाच कोणी नाही.

अशा वेळी व्हेरिफिकेशन तुमच्या कागदांवर होतं. अपॉइंटमेंट लेटर, काही पगारपत्रकं (सुरुवातीचं, बदलाच्या आसपासचं आणि शेवटचं), त्याच तारखांना पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि त्या वर्षांची कराची कागदपत्रं. बँक स्टेटमेंटमध्ये पगार टाकणाऱ्याचं नाव दिसतं, आणि नाव कुठल्या महिन्यात बदललं तेही दिसतं. तो पुरावा मला अनुभवाच्या पत्रापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. जुना मॅनेजर सापडला तर त्याचंही नाव द्या, पण त्याचं म्हणणं पूरक धरलं जातं, कंपनीच्या उत्तराच्या जागी नाही.

दोन नावं एकाच कंपनीची आहेत हे मी बाहेरून कसं सिद्ध करू? माझ्याकडे नामबदलाचं पत्र नाही.

कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयांच्या बऱ्याच वेबसाइट्सवर आधीची नावं फुकट दिसतात. ब्रिटनच्या कंपनीज हाउसवर कंपनीच्या पानावर आधीच्या नावांची वेगळी यादी असते, अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसीच्या एडगर या वेबसाइटवर शेअर बाजारातल्या कंपनीच्या माहितीत जुनी नावं येतात. त्या पानाची पीडीएफ काढा, वर तारीख आणि वेब पत्ता दिसला पाहिजे, आणि कागदांसोबत जोडा. विलीनीकरण असेल तर घेणाऱ्या कंपनीची अधिकृत घोषणा तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, बातमीचं कात्रण शक्यतो नको.

हे फक्त कंपन्यांचं नातं सिद्ध करतं, तुम्ही तिथे होतात हे नाही. त्यासाठी तुमचं पगारपत्रक सोबत लागेलच.